दोन टोकं आणि मधली घरं

जिल्ह्याच्या ठिकाणी निघणाऱ्या एका दैनिकात मी मुद्रितशोधक म्हणून लागले, तेव्हा रविवारच्या पुरवणीतलं कोडंही माझ्याकडे आलं. कोडं अगदी साधं. पहिलं अक्षर दिलेलं, शेवटचं अक्षर दिलेलं आणि मध्ये ठरावीक रिकामी घरं. ती भरून अर्थपूर्ण शब्द करायचा. ना आडवे-उभे शब्द, ना सूचक वाक्य. पानावर बोटभर जागा लागायची, म्हणून संपादकांना ते सोयीचं वाटे. मलाही वाटलं, शब्दकोश उघडायचा, एक शब्द उचलायचा, मधली अक्षरं गाळायची, झालं.

माझं पहिलं कोडं होतं ‘स’, दोन रिकामी घरं आणि ‘र’. माझ्या मनात शब्द होता सरोवर. पुढच्या रविवारी तेच उत्तर छापलं आणि सरोवर लिहिणाऱ्यांची नावं दिली. त्यानंतरच्या आठवड्यात टपाल आलं त्यात तक्रारीच जास्त होत्या. कुणी सरकार लिहिलं होतं, कुणी सरदार, कुणी सहकार. समाचार, सदाचार, सणवार, सहचर, समांतर, सविस्तर, सभोवार असे शब्दही होते. एका निवृत्त शिक्षकांनी अकरा शब्दांची यादी पाठवून खाली विचारलं होतं, ‘यातला कोणता चुकीचा, ते कळवावं.’ एकही चुकीचा नव्हता. ज्यांची नावं छापली नाहीत त्यांची उत्तरंही बरोबरच होती.

पुरवणी बघणारे ज्येष्ठ सहकारी, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, ती यादी वाचून म्हणाले, “तू शब्द निवडलास, टोकं निवडली नाहीस. या कोड्यात शब्द शेवटी निवडायचा असतो.” हे वाक्य समजायला मला वर्ष लागलं. पण त्या दिवसापासून मी कोडं करायची रीत उलटी केली.

शब्दकोश पहिल्या अक्षराने लावलेला असतो. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश घ्या किंवा मोल्सवर्थचा, ‘स’ने सुरू होणारे शब्द ओळीने मिळतात. ‘र’ने संपणारे मात्र सगळ्या खंडांत विखुरलेले असतात. मला हवी होती दोन्ही टोकांवरून लावलेली यादी. म्हणून मी कार्डं करायला घेतली. दुकानातून कोऱ्या कार्डांचे गठ्ठे आणले, चपलांचे रिकामे खोके जमवले. प्रत्येक कार्डावर एक शब्द आणि वर उजव्या कोपऱ्यात त्याची खूण. सरोवरच्या कार्डावर ‘स-र-४’, म्हणजे पहिलं स, शेवटचं र, एकूण अक्षरं चार. खोक्यात कार्डं लावायची ती आधी शेवटच्या अक्षराने, मग संख्येने आणि मग पहिल्या अक्षराने. रोज दुपारी पहिली पानं सुटल्यावर मला तासभर मिळे. त्या तासात पंधरा-वीस कार्डं होत.

एका खुणेखाली किती कार्डं जमतात, यावरून कोडं ठरू लागलं. ‘स-र-४’खाली अकरा कार्डं होती. म्हणजे ते कोडं कुणालाही अर्ध्या मिनिटात सुटणार आणि शोधल्याचं समाधान कुणालाच मिळणार नाही. एखाद्या खुणेखाली एकच कार्ड असेल आणि शब्द आडवळणाचा असेल, तर वाचक दोन दिवस डोकं खाजवून नाद सोडणार. तीन ते पाच कार्डं असतील आणि सगळे शब्द घराघरांत वापरातले असतील, तर कोडं जमलं. या मापाला मी पुढे शक्यतो धरून राहिले.

आता ‘एकूण अक्षरं चार’ म्हणजे नक्की काय, हा प्रश्न कार्डं लिहिताना रोज समोर येऊ लागला. सोपं वाटतं, पण मराठी शब्दातली अक्षरं मोजताना माणसं तीन वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. त्यातला फरक मला ‘क-ळ’च्या आठवड्यात कळला. म्हणून तो आठवडा सविस्तर सांगते.

कोडं असं होतं: ‘क’, दोन घरं, ‘ळ’. माझ्याजवळ दोन कार्डं होती, कळकळ आणि कळवळ. दुसऱ्याबद्दल थोडी शंका होती, कारण बोलताना आपण कळवळा म्हणतो. पण कळवळा या अर्थी कळवळही कानावर आलेला होता, म्हणून मी तो धरला. कोडं छापलं आणि उत्तरं आली. बरोबर उत्तरांपेक्षा चुकलेल्या उत्तरांनी मला जास्त शिकवलं, कारण प्रत्येक चूक वेगळ्या कारणाने झाली होती.

सगळ्यात जास्त आलेलं उत्तर होतं किरकोळ. अक्षरं चार, शेवटी ळ, पण सुरुवात ‘कि’ने. पाठवणाऱ्यांचं म्हणणं, ‘क’ म्हणजे क ची सगळी बाराखडी. ही समजूत चूक म्हणता येत नाही. भेंड्या खेळताना आपण ‘क’ आला की किती, कुठे, केव्हा असं काहीही चालवून घेतो. पण कोड्यात बाराखडी मोकळी सोडली की एका खुणेच्या जागी डझनभर खुणा एकत्र होतात आणि उत्तरांना अंत राहत नाही. तेव्हापासून आम्ही चौकटीखाली एक ओळ छापू लागलो: ‘दिलेलं अक्षर जसं छापलं आहे तसंच, कानामात्रेसह धरावं.’ दुसऱ्या टोकालाही तोच नियम. म्हणून कळवळा आणि कडबोळे ही उत्तरं बाद झाली. एकाच्या शेवटी ‘ळा’ आहे, दुसऱ्याच्या शेवटी ‘ळे’.

काहींनी कपाळ आणि कातळ पाठवलं. कातळ तर ‘का’ने सुरू होतो म्हणूनही बाद होताच. पण दोन्ही शब्द तीनच अक्षरांचे, हे त्यांना कसं दिसलं नाही, याचा मी विचार करत राहिले. मग लक्षात आलं की त्या आठवड्यात जागा अपुरी होती म्हणून घरं काढण्याऐवजी मी ‘क ... ळ (दोन)’ असं छापलं होतं. मध्ये दोन की एकूण दोन, की एकाला दोन मात्रा, हे वाचकाने ओळखायचं कसं? पुढे जागा कितीही कमी असली तरी रिकामी घरं काढल्याशिवाय मी कोडं सोडलं नाही. चौकोन दिसला की मोजणी आपोआप होते.

खरी गाठ बसली ती कर्दळीपाशी. बऱ्याच जणांनी कर्दळ हे उत्तर दिलं होतं. एकीने तर शेजारी कर्दळीचं फूल काढून पाठवलं होतं. तिने चार अक्षरं मोजली होती: क, र, द, ळ. बोलून पाहिलं तर तसंच ऐकू येतं. काही जणांनी घरं भरता यावीत म्हणून शब्दच ‘करदळ’ असा लिहिला होता. पण लेखनात रफार ‘द’च्या डोक्यावर बसतो आणि ‘र्द’ हे एक अक्षर होतं. क, र्द, ळ, अशी अक्षरं तीन. वर्दळही अशीच तीन अक्षरी.

मी अण्णांकडे गेले. ते खिळे जुळवण्याच्या काळापासून छापखान्यात होते. ते म्हणाले, “खिळे मोजू नकोस. खिळे मोजलेस तर किरकोळ सहा होईल. तोंडही मोजू नकोस. तोंडात कळकळ दोनच होतं, कळ् आणि कळ्. कागदावर काय उभं राहतं ते मोज.”

हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. मराठीत शेवटचा ‘अ’ आपण सहसा उच्चारत नाही. मधलाही पुष्कळदा गाळतो. म्हणून कळकळ बोलताना दोन आघातांचा शब्द आहे आणि लिहिताना चार अक्षरांचा. करवत, सरबत, परवड, सगळ्यांचं तसंच. कोडं लिहिण्याचं आहे, म्हणून मोजणी लिहिण्याची. अभंगाचं मोजमापही असंच चालतं. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण असतात. तिथे जोडाक्षर एकच धरतात, अनुस्वाराला वेगळं स्थान नसतं. आमच्या वाचकांतले भजनी मंडळातले लोक मोजणीत फारसे चुकत नसत, ते यामुळे असावं असं मला नेहमी वाटत आलं.

त्याच आठवड्यात कडवळ आलं. एका शेतकऱ्याचं पोस्टकार्ड होतं. त्यांनी लिहिलं होतं, ‘ताई, कडवळ म्हणजे हिरव्या चाऱ्यासाठी दाट पेरलेली ज्वारी. आमच्याकडे जनावराला हेच टाकतो. तुमच्या उत्तरात असेल नसेल, पण शब्द खरा आहे.’ माझ्या खोक्यात तो नव्हता. मी शहरात वाढलेली, चाऱ्याचे शब्द मला ठाऊक नव्हते. क, ड, व, ळ. चार अक्षरं, दोन्ही टोकं बिनचूक. त्या रविवारी उत्तरांत कळकळ, कळवळ आणि कडवळ असे तिन्ही शब्द छापले. कडवळपुढे त्याचा अर्थही दिला.

त्या आठवड्यानंतर आमचे नियम ठरले आणि पुढे ते फारसे बदलले नाहीत. मोजणीचं सूत्र मी असं केलं: एका घरात जे एकटं उभं राहू शकतं ते एक अक्षर. अर्धं अक्षर एकटं राहत नाही, ते पुढच्याच्या घरात जातं. रफार ज्याच्या डोक्यावर आहे त्याच्या घरात. कानामात्रा, अनुस्वार आणि विसर्ग ज्याला लागले आहेत त्याच्याच घरात. या सूत्राने आश्चर्य तीन अक्षरी होतं आणि ज्ञानेश्वर चार अक्षरी.

हे सूत्र शेवटच्या अक्षरालाही लागू होतं आणि तिथे ते लोकांना पटायला वेळ लागला. ‘र’ने संपणारा शब्द विचारला की काही जण सर्वत्र किंवा एकत्र पाठवत. कानाला शेवटी ‘र’च येतो. पण कागदावर शेवटच्या घरात ‘त्र’ आहे. तसंच समर्थचं शेवटचं अक्षर ‘र्थ’, ‘थ’ नव्हे. माझ्या खोक्यात ‘त्र’चा कप्पा ‘र’पासून वेगळाच होता, आणि तो वेगळा ठेवल्यामुळेच ‘त्र’वर चांगली कोडी करता आली.

शब्दाच्या रूपाचाही एक नियम लागला. ‘स’, दोन घरं, ‘त’ या कोड्याला सवलत, समजूत, सरबत, सहमत अशी उत्तरं येतात. त्यात एकाने ‘समजत’ लिहिलं. समजत हे समजणे या क्रियापदाचं रूप. अशी रूपं घेतली तर प्रत्येक धातूचं एक उत्तर होईल. म्हणून शब्द कोशात जसा स्वतंत्र नोंदवला जातो त्या रूपातच हवा, असं ठरलं. याच कारणाने मी ‘णे’ हे शेवटचं अक्षर कधी दिलं नाही. मराठीतलं प्रत्येक क्रियापद कोशात ‘णे’ने संपतं, मग शोधायला राहतं काय? ‘ता’ आणि ‘णा’ यांच्याबाबतही सावध राहावं लागे, कारण बहुतेक विशेषणांना ता किंवा पणा जोडून नाम करता येतं.

ह्रस्वदीर्घाचा वाद मात्र वर्षातून एकदा तरी यायचाच. ‘स’, दोन घरं, ‘ती’ दिलं होतं, उत्तरं सरस्वती आणि सहमती. एका ज्येष्ठ वाचकांनी कळवलं की सहमति ह्रस्व आहे, कोडंच अशुद्ध आहे. ते शाळेत जे लेखन शिकले त्यात तसंच होतं. पण मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ साली मान्य झालेले नियम आम्ही पाळत होतो, आणि त्यांत शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ लिहायचे आहेत. आणि, नि आणि परंतु, तथापि, यथामति यांसारखी संस्कृतातून तशीच आलेली अव्ययं एवढाच अपवाद. मी त्यांना तसं पत्र लिहिलं. कोडं करणाऱ्याच्या दृष्टीने या नियमाचा अर्थ फार स्पष्ट आहे: ‘ति’ किंवा ‘पि’ शेवटी दिलं की उत्तर जवळजवळ उघडंच पडतं, कारण तिथे बसणारे शब्द हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

एकदा एका जिल्हा परिषद शाळेच्या बाईंनी मला वर्गात बोलावलं. त्या दर सोमवारी आमचं कोडं फळ्यावर लिहीत. पाचवीचा वर्ग होता. मी ‘सूर्य’ शब्द सांगितला आणि वहीत घरं पाडायला सांगितली. पहिल्या बाकावरच्या मुलाने दोन घरं पाडली, ते बरोबर. पण एकात ‘सूर्’ आणि दुसऱ्यात ‘य’ लिहिलं. त्याने टाळी वाजवून मोजलं होतं आणि टाळीला ते तसंच पडतं. मी त्याला फक्त एवढं म्हटलं, “रफार कुणाच्या डोक्यावर आहे?” त्याने वहीकडे पाहिलं, खोडलं आणि ‘सू’ आणि ‘र्य’ लिहिलं. मग त्याने आपणहून शेजारच्या मुलीची वही तपासली आणि तिचा ‘सूर्य’ही दुरुस्त केला. घरं तितकीच निघाली तरी सीमा चुकू शकते आणि सीमा चुकली की शेवटचं अक्षर चुकतं, हे मला त्या वहीत दिसलं. तोवर मी फक्त संख्याच तपासत होते.

खोकी भरत गेली तशी एक गोष्ट समोर आली, जी मी शोधायला निघाले नव्हते. ‘ळ’च्या कप्प्यात चार अक्षरी शब्दांची कार्डं एकामागे एक लागली: कळकळ, खळखळ, जळजळ, मळमळ, वळवळ, सळसळ, हळहळ. त्यांच्याच रांगेत तळमळ, खळबळ, चळवळ. पहिल्या अक्षराने लावलेल्या कोशात हे शब्द एकमेकांपासून शेकडो पानं दूर असतात. शेवटच्या अक्षराने लावले की एका घरातली माणसं एका ओळीत बसावीत तसे दिसतात. पाण्याचा आवाज, पानांचा आवाज, पोटातलं दुखणं, मनातलं दुखणं, सगळ्यांना मराठीने एकच ठेवण दिली आहे. अण्णांना मी ती ओळ दाखवली तेव्हा त्यांनी एकेक कार्ड उचलून मोठ्याने वाचलं आणि काही न बोलता परत ठेवलं.

कोड्याच्या दृष्टीने मात्र ही अडचण होती. वाचकांना ही ठेवण लवकरच कळली. चार अक्षरं आणि शेवटी ‘ळ’ दिसलं की ते पहिलं अक्षर घेऊन ‘ळ’ लावत आणि जोडी पुन्हा म्हणून बघत. दर वेळी काही ना काही सापडे. शोध राहिला नाही. तेव्हा मी ‘ळ’च्या कप्प्यात अशी टोकं शोधली जिथे ही युक्ती चालणार नाही.

ती मिळाली ‘अ’पाशी. ‘अ’, दोन घरं, ‘ळ’. जोडी करून ‘अळअळ’ होत नाही, त्यामुळे सरावलेला वाचक पहिल्याच पावलाला थांबतो. पण शब्द मात्र रोजच्या बोलण्यातले आहेत: अडगळ, अवखळ, अजागळ, अमंगळ. चारही शब्दांची घडण वेगवेगळी. एक माळ्यावरचं सामान, एक मुलाचा स्वभाव, एक माणसाचा अवतार, एक अशुभ. एक सापडला म्हणून दुसरा आपोआप सुचत नाही. शिवाय एक चांगला चकवाही होता. पुष्कळांनी अंतराळ पाठवलं. अक्षरं चार, शेवटी ‘ळ’, पण सुरुवात ‘अं’ने. छापलं होतं ‘अ’. नियम चौकटीखाली लिहिलेलाच होता, त्यामुळे यावेळी तक्रार आली नाही. उलट दोघांनी आधी अंतराळ लिहून, मग खोडून, खाली अडगळ लिहिलं होतं. खोडलेला शब्द मला स्वच्छ वाचता येत होता. माझ्या सगळ्या कोड्यांत हे मला सर्वांत नेटकं वाटतं.

पुढे पुरवणी संगणकावर लागू लागली. काही वर्षांनी जुळणी विभागातल्या एका तरुण सहकाऱ्याने माझी कार्डं युनिकोडमध्ये टाइप करून घेतली. माझी अपेक्षा होती की मोजायचं काम आता यंत्र करील. पहिल्या दिवशी त्याने यादी आणली तेव्हा किरकोळ सहा अक्षरांच्या गटात होतं आणि कळकळ चारच्या. प्रश्न हा शब्द तर सहात होता, जो दोन अक्षरी आहे. अण्णा तोवर निवृत्त झाले होते, पण त्यांचं वाक्य मला तिथेच आठवलं. यंत्र खिळे मोजत होतं. युनिकोडमध्ये वेलांटी स्वतंत्र चिन्ह आहे, ओकार स्वतंत्र, आणि जोडाक्षर करणारा पायमोडही स्वतंत्र. प्रश्न म्हणजे प, पायमोड, र, श, पायमोड, न, अशी सहा चिन्हं. त्याने दुसरी तयार मोजणी लावून पाहिली. तिने वेलांट्या-मात्रा आपापल्या अक्षराला जोडल्या, पण पायमोडापाशी शब्द तोडला आणि प्रश्न चार अक्षरी केला. देवनागरी जोडाक्षर अखंड धरायचा नियम युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत आला, ती २०२३ सालची. आमचं काम त्याच्या बरंच आधीचं.

मग मी त्याला घरांचं सूत्रच सांगितलं. मात्रा, अनुस्वार, विसर्ग मागच्या अक्षरात. पायमोड आला की पुढचं व्यंजन त्याच घरात. शब्द पायमोडानेच संपत असेल तर ते शेवटचं घर. त्याने ते दुपारभरात लिहिलं आणि यादी पुन्हा काढली. मी दोनशे शब्द हाताने ताडून पाहिले. आधी जोडाक्षरांचे, मग रफाराचे, मग ‘तऱ्हा’, ‘गाऱ्हाणे’सारखे. सगळे बरोबर निघाले. पाचवीतल्या मुलाला एका प्रश्नात कळलेलं सूत्र यंत्रालाही पुरलं.

त्यानंतर माझं काम खूप हलकं झालं. कोणतीही दोन टोकं आणि संख्या दिली की पडद्यावर शब्द येत. पण त्या शब्दांतला कोणता वाचकाच्या तोंडात आहे आणि कोणता फक्त जुन्या कोशात, हे मलाच ठरवावं लागे. यादीत नसलेला शब्द तर यंत्राला माहीत असणं शक्यच नव्हतं. ‘क-ळ-४’ विचारल्यावर त्याने कडवळ दाखवलं, ते एका शेतकऱ्याने पोस्टकार्ड टाकलं होतं म्हणून.

सदर बंद होऊन आता बरीच वर्षं झाली. खोकी माझ्या घरी आहेत. त्यात वेगळ्या शाईने लिहिलेली कार्डं वाचकांनी पाठवलेल्या शब्दांची आहेत, आणि माझ्या मते त्या संग्रहातला मोलाचा भाग तोच. असं कोडं आजही अनेक ठिकाणी छापून येतं, शाळांतून घातलं जातं. ते करणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच आहे: टोकं ठरवण्याआधी त्या टोकांत बसणारे सगळे शब्द लिहून काढा, दिलेलं अक्षर कानामात्रेसह धरायचं की नाही ते चौकटीखाली छापा, आणि उत्तर तुमच्याकडचं नसलं म्हणून ते चूक ठरवण्याआधी पाठवणाऱ्याला त्याचा अर्थ विचारा. आणि सोडवणाऱ्यांना विनंती अशी की छापील उत्तराशी जुळत नसला तरी तुमच्या घरातला, शेतातला, कामावरचा शब्द पाठवा. सोबत त्याचा अर्थ आणि गावाचं नाव लिहा.